कथा: दिव्याकडे पाठ (मसुदा, तपशील तपासून हवेत)

अर्धविराम

छोटी कथा आहे, पहिला खर्डा. कार्डं बनवून एकमेकांना विचारायची पद्धत ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी तपशील तपासून सांगावेत. भाषेबद्दल नंतर बोलू. आधी मला हे कळू दे की हे असं घडू शकतं का.

*सोहम आणि मुक्ता जुळी भावंडं. उद्या सकाळी रसायनशास्त्राचा पेपर. जेवणं उरकल्यावर मुक्ताने वहीची चार कोरी पानं फाडली, प्रत्येकाला तीन घड्या घातल्या आणि घडीवरून पट्टी फिरवून आठ-आठ तुकडे केले. बत्तीस कार्डं. एका बाजूला आयनाचं नाव, दुसऱ्या बाजूला सूत्र आणि प्रभार.*

*मुक्ता टेबलाशी, दिव्याला पाठ करून बसली. सोहम समोर जमिनीवर. ती एकेक कार्ड उचलून नावाची बाजू त्याच्याकडे धरायची.*

*"फॉस्फेट?"*

*"पीओ फोर, थ्री मायनस."*

*"सल्फाइट?"*

*सोहमने डोळे बारीक केले. "एसओ थ्री, टू मायनस."*

*बरोबर आलेलं कार्ड ती उजवीकडे ठेवत गेली. वीस मिनिटांत बत्तीसच्या बत्तीस उजवीकडे.*

*"आता मी," ती म्हणाली. दोघांनी जागा बदलल्या. तिसरंच कार्ड नायट्राइटचं निघालं. मुक्ता गप्प. आत्ताच तर तिने ते सोहमला विचारलं होतं, उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं.*

*"अगं, येतंय ना तुला?"*

*"येतंय रे. थांब जरा." ती कार्डाकडे एकटक बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सोहम, कार्ड तसंच धर. हलवू नकोस." नावाच्या अक्षरांमागे, दिव्याच्या उजेडात, उलटा दोनचा आकडा दिसत होता.*

*"मघाशी तुलाही हे दिसत होतं?"*

*"मी बघत नव्हतो गं." मग थोडं थांबून, "मला वाटलं मला येतंय."*

*मुक्ताने टेबलावरचा दिवा दुसऱ्या बाजूला सरकवला. सोहमला परत खाली बसवलं आणि पुन्हा सल्फाइटपासून सुरुवात केली. या वेळी सोहमला पाच कार्डं आली नाहीत. ती पाच तिने हातात धरली आणि साडेबारा वाजेपर्यंत तीच पाच विचारत राहिली, सगळी तोंडपाठ होईपर्यंत.*

शेवट अजून लिहायचा आहे. सकाळी पेपरात सोहमला ती पाचही आठवतात, असं डोक्यात आहे.

घडीघडी

कागदाचं बघू या, कारण कथा त्यावरच उभी आहे. साध्या वहीचं पान 60 जीएसएमच्या आसपास असतं. मागे उघडा दिवा असला तर त्यातून मागचं लिखाण दिसतं, यात शंका नाही. पण तुमच्या वर्णनात एक अडचण राहिली आहे. नाव पुढे, सूत्र मागे आणि दोन्ही मधोमध लिहिलेली असली तर ती एकमेकांवर येतात. दिव्यासमोर धरल्यावर नुसता काळा गिचमिड दिसेल, आकडा सुटा दिसणार नाही. तो सुटा दिसायला सूत्र खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं हवं किंवा नाव वरच्या कडेला. एका वाक्यात मुक्ताची ही सवय आधीच दाखवा, म्हणजे पुढचं खरं वाटेल.

दुसरं, पेन कुठलं ते ठरवा. जेल किंवा शाईपेन असेल तर आकडा दिव्याशिवायही मागे उमटतो आणि मग जागा बदलायची गरजच उरत नाही. बॉलपेनची शाई आरपार येत नाही, पण त्याचा दाब येतो. तिरक्या उजेडात खाचा दिसतात, बोटालाही लागतात. तुमच्या कथेत फक्त दिवा मागे असतानाच दिसायला हवं, म्हणजे पातळ पान आणि बॉलपेन.

उलटा 2 ओळखू येतो, हे बरोबर. 4 तर उलटा केला तरी फारसा परका वाटत नाही. पण अख्खं सूत्र असं वाचता येणार नाही. सोहम फक्त आकडा उचलतोय आणि बाकीचं स्वतःहून भरतोय, असं असायला हवं. ते जास्त खरं आहे आणि त्याला कळत कसं नाही हेही त्यातून समजतं. "सल्फ" म्हटल्यावर एसओ त्याला येतंच. त्याला हवा असतो फक्त 3 की 4.

दुसरा_तास

कथा आवडली. पण एवढ्या कार्डांची गरजच काय? या आयनांना सोपा नियम आहे. शेवटी "एट" असेल तर ऑक्सिजन 4, "आइट" असेल तर 3, "आइड" असेल तर ऑक्सिजन नाही. सल्फेट SO₄²⁻, सल्फाइट SO₃²⁻, सल्फाइड S²⁻. मुक्ताने भावाला हा नियम सांगितला तर दहा मिनिटांत विषय संपतो.

आणि लाइटनर पेटी वापरा. पाच कप्पे, बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. ती कथेत आली तर जाणकारांना बरं वाटेल.

पाटीपेन्सिल

दुसरा_तास, नियमातला अर्धा भाग पक्का आहे, अर्धा सोहमला नापास करेल. एकाच मूलद्रव्याच्या जोडीत "आइट"मध्ये "एट"पेक्षा एक ऑक्सिजन कमी आणि प्रभार तोच, हे खरं. पण "एट" म्हणजे 4 असं नाही. नायट्रेट NO₃⁻ आहे, नायट्राइट NO₂⁻. कार्बोनेटही CO₃²⁻. तुमच्या नियमाने मुक्ता नायट्राइटला 3 म्हणेल, म्हणजे नायट्रेट लिहून येईल. "आइड"लाही हायड्रॉक्साइड हा अपवाद आहे, OH⁻ मध्ये ऑक्सिजन आहेच. आणि क्रोमेट-डायक्रोमेट या नियमात बसतच नाहीत: CrO₄²⁻ आणि Cr₂O₇²⁻. तिथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की क्रोमियम एकाचे दोन होतात, ऑक्सिजन 4 चे 7 आणि प्रभार बदलत नाही.

लाइटनर पेटीबद्दल. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात ती मांडली, ती दिवसांच्या हिशेबाने. पुढच्या कप्प्यातलं कार्ड काही दिवसांनी पुन्हा निघतं. ज्या घरात पेपर उद्या सकाळी आहे तिथे पाच कप्प्यांना काही अर्थ राहत नाही. त्यातलं एकच घेण्यासारखं आहे, चुकलेलं कार्ड लवकर परत यावं. पण "लवकर" म्हणजे लगेच नाही, आणि माझ्या मते कथेतली खरी चूक तिथेच आहे.

अर्धविराम, शेवटच्या परिच्छेदात मुक्ता पाच कार्डं हातात धरून तीच तीच विचारते. पाच कार्डांना प्रत्येकी पंधरा सेकंद धरले तर तेच कार्ड सव्वा मिनिटात परत येतं. मग सोहम ते आठवत नसतो, मघाचा आवाज अजून कानात असतो तोच परत म्हणत असतो. साडेबारापर्यंत सगळं फटाफट येईल आणि दोघांना वाटेल झालं. दिव्याने जे केलं तेच हे करतं, फक्त वेगळ्या वाटेने. दिव्याची फसवणूक पकडणारी मुलगी पुढच्याच मिनिटाला स्वतः तीच करते, हे तुम्हाला कथेत हवं असेल तर ठेवा. पण मग वाचकाला ते दिसू द्या.

ती जर नीट करणार असेल तर असं करेल: चुकलेलं कार्ड उत्तर बघून, एकदा मोठ्याने म्हणून, गठ्ठ्यात सहा-सात कार्डांखाली खुपसायचं. ते सुमारे पावणेदोन मिनिटांनी परत येईल. तेव्हा आलं तर गठ्ठ्याच्या तळाशी टाकायचं. बत्तीस कार्डांची फेरी आठ मिनिटांची, म्हणजे तळाचं कार्ड त्यानंतर साधारण आठ मिनिटांनी निघेल. तेव्हाही आलं तरच बाजूला. जी कार्डं येतात ती गठ्ठ्यात राहतात म्हणून न येणाऱ्यांना अंतर मिळतं. सोपी कार्डं काढून टाकली की अवघड कार्डं एकमेकांना चिकटतात.

कंसबाहेर

म्हणजे "बरोबर आलं की उजवीकडे" हेही चूक? बहुतेक सगळे तसंच करतात.

पाटीपेन्सिल

करतात. कार्पिक आणि रोडिगर यांनी 2008 साली स्वाहिली शब्दांच्या 40 जोड्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. एकदा बरोबर आलेला शब्द काही जणांना पुढेही विचारत राहिले, काहींना विचारणं बंद केलं. आठवड्यानंतर पहिल्यांना 80 टक्क्यांच्या आसपास आठवले, दुसऱ्यांना साधारण एक-तृतीयांश. गंमत म्हणजे विचारणं बंद करून तो शब्द नुसता पुन्हा वाचायला दिला तरी फरक पडला नाही. पण तो आठवड्याचा हिशेब आहे. एका रात्रीत फरक इतका मोठा असेल असं मी म्हणणार नाही.

याच दोघांच्या 2006 च्या कामात उताऱ्यांवर उलट बाजूही दिसली होती: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे, दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर स्वतःला विचारून बघणारे पुढे. सोहमचा पेपर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणून तर आदल्या रात्री नुसतं वाचणाऱ्यालाही वाटतं की आपलं झालं.

उंबरठा

विषय निघालाच आहे तर विचारते. भाचीला इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायच्या आहेत. कार्डं केली आहेत, पुढे घटना, मागे साल. घटना विचारली की साल सांगते, पण साल विचारलं की गडबडते. कार्डं जाड पुठ्ठ्याची आहेत, दिव्याचा प्रश्न नाही.

पाटीपेन्सिल

तो दिशेचा प्रश्न आहे, ताई. घटनेवरून साल येणं आणि सालावरून घटना येणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक केल्याने दुसरं आपोआप होत नाही. पेपरात कुठल्या बाजूने विचारतात ते आधी बघा. दोन्ही बाजूंनी विचारत असतील तर अर्ध्या फेऱ्या गठ्ठा उलटा ठेवून घ्या, नवीन कार्डं नकोत.

हे कथेलाही लागू आहे. पेपरात "सल्फेट आयनाचं सूत्र लिहा" असा सरळ प्रश्न क्वचितच येतो. "अॅल्युमिनियम सल्फेटचं रेणुसूत्र लिहा" असं येतं, तिथे Al³⁺ आणि SO₄²⁻ जुळवून Al₂(SO₄)₃ लिहावं लागतं आणि चुका कंसात होतात. मुलं Al₂SO₄₃ लिहून मोकळी होतात. अनेक अणूंचा आयन दोन किंवा जास्त वेळा आला की कंस, एकदाच आला की नाही. म्हणून Ca(NO₃)₂ ला कंस, NaNO₃ ला नाही. बत्तीस कार्डं तोंडपाठ असूनही हे येत नाही असं होऊ शकतं. मुक्ताने शेवटची फेरी वेगळी घ्यायला हवी: एक धन कार्ड, एक ऋण कार्ड, दोन्ही शेजारी टाकायची आणि संयुग कागदावर लिहायचं. तोंडी नको. कंस तोंडी ऐकू येत नाही.

कंसबाहेर

नाव सार्थकी लागलं माझं.

कथेबद्दल म्हणायचं तर मला दिव्यापेक्षा मुक्ताचं नायट्राइटवर अडणं जास्त आवडलं. विचारणारीला सगळं येतंय असं वाटतं, कारण उत्तर तिच्या समोर असतं. अर्धविराम यांनी ते दोन वाक्यांत उरकून लगेच दिव्याकडे उडी मारली. तिथे थांबायला हवं होतं.

अर्धविराम

हे पटलं. पण मग विचारणाऱ्याने करायचं काय? उत्तर कार्डाच्या मागे, कार्ड त्याच्या हातात. न बघता बरोबर-चूक सांगणार कसं?

घडीघडी

कार्ड हातात धरायचंच नाही. गठ्ठा दोघांच्या मध्ये जमिनीवर, नावाची बाजू वर. एक जण मोठ्याने उत्तर देतो, दुसरा त्याच वेळी आपलं उत्तर कागदाच्या तुकड्यावर लिहितो, मग कार्ड उलटायचं. पुढच्या कार्डाला बोलणारा आणि लिहिणारा बदलायचा. यात दिव्याचाही प्रश्न सुटतो, कारण वरच्या कार्डाखाली एकतीस कागद असतात आणि मागून उजेड येतच नाही. आरपार दिसतं ते एकटं कार्ड उचलून धरल्यामुळे.

उचलूनच धरायचं असेल तर कार्ड दुमडून करा. प्रश्न बाहेर, उत्तर आत. पण मग एका पानाचे आठाऐवजी चारच होतात, बत्तिसांना आठ पानं लागतात आणि घडी उघडमिट करून फेरी लांबते.

एक गोष्ट दोन्हींत राहतेच. हाताने फाडलेली कड प्रत्येक कार्डाची वेगळी असते. एकाचा कोपरा दुमडलेला, एकावर मार्जिनची लाल रेघ, एकावर खोडलेलं अक्षर. दोन-तीन फेऱ्यांनंतर डोळा नाव वाचायच्या आधी कार्ड ओळखतो. यावर उपाय म्हणजे एक फेरी कार्ड न दाखवता, नुसतं नाव ऐकवून घ्यायची. तुमच्या कथेत मुक्ताला दिवा हलवायचीही गरज नव्हती, तिने कार्ड मांडीवर ठेवून नाव वाचलं असतं तरी चाललं असतं. पण दिवा हलवणं दिसायला छान आहे, राहू द्या.

दुसरा_तास

नायट्रेटचं मान्य, माझी चूक. पण झोपेचं कोणीच बोललं नाही. पाठ केलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून शेवटी विचारत बसण्यापेक्षा सगळी कार्डं एकदा वाचून झोपावं. सोहमला साडेबारापर्यंत जागवू नये.

पाटीपेन्सिल

साडेबारा नको, याला माझाही पाठिंबा. जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी 1924 मध्येच दाखवलं होतं की पाठांतरानंतर तेवढेच तास जागं राहण्यापेक्षा झोपलेल्याला जास्त आठवतं. पण त्यातून "शेवटी वाचावं, विचारू नये" हे कसं निघतं? झोप जे आहे ते टिकवायला मदत करते. सोहमला सल्फाइट येतच नसेल तर झोपेत ते येणार नाही.

दुसरा_तास

माझा मुद्दा वेगळा होता. शेवटच्या क्षणी चुकत राहिला तर चुकीचंच उत्तर घेऊन झोपेल. त्यापेक्षा बरोबर वाचून झोपलेलं बरं.

पाटीपेन्सिल

चुकल्यावर बरोबर उत्तर दाखवलंच नाही तर तुमची भीती रास्त आहे. लगेच दाखवलं तर उलट होतं. ठामपणे दिलेलं चुकीचं उत्तर दुरुस्त केलं की ते जास्त चांगलं लक्षात राहतं, हे अनेकदा दिसलेलं आहे. त्यामुळे सोहम "सल्फाइट, एसओ फोर!" असं छातीठोक म्हणाला तर ते कार्ड सुधारता येण्यासारखं आहे. खरा धोका त्या कार्डाला असतो जिथे मुक्ता "एसओ… थ…" असं सुचवते आणि सोहम पूर्ण करतो. ते बरोबर मोजलं जातं आणि परत विचारलंच जात नाही. विचारणाऱ्याने पहिलं अक्षरही देऊ नये. भावंडांत हे पाळणं सगळ्यात कठीण.

कंसबाहेर

किती वेळ गप्प बसायचं मग? कथेत "थांब जरा" आहे, ती थांबते ते मला बरोबर वाटलं.

पाटीपेन्सिल

आठ-दहा सेकंद. जिभेवर असेल तर तेवढ्यात येतं. त्यापुढे माणूस आठवत नाही, तर्क लढवतो.

घडीघडी

इथे माझं मत वेगळं आहे. आयनांच्या बाबतीत तर्कही चालतो. मुक्ताला नायट्रेट NO₃⁻ पक्कं येत असेल तर "आइट, म्हणजे एक कमी" असं करत ती पंधरा सेकंदांत NO₂⁻ ला पोहोचेल. पेपरात ते मान्यच आहे. दहाला कापलं तर ती वाट बंद होते.

पाटीपेन्सिल

पेपरात मान्य, पण असे आठ प्रश्न आले तर वेळ जातो. तरी तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. तर्काने आलेलं कार्ड बाजूला न टाकता गठ्ठ्याच्या मध्यात ठेवावं, एवढ्यावर मी येतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, बरंच बदलतंय. सूत्र खालच्या कोपऱ्यात आणि बॉलपेन, हे घेतलं. सोहम फक्त आकडा उचलतो, हेही. मुक्ताचं अडणं लांबवते. दिवा सरकवल्यानंतरचा भाग आता असा केला आहे:

*या वेळी पाच कार्डं आली नाहीत. सल्फाइट, नायट्राइट, क्रोमेट, डायक्रोमेट, फॉस्फेट. मुक्ताने ती पाच हातात घेतली आणि लगेच सल्फाइट पुन्हा पुढे केलं.*

*"एसओ थ्री," सोहम तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला.*

*ती कार्डाकडे बघत राहिली. मग तिने ते गठ्ठ्यात सात कार्डांखाली सरकवलं, दुसरं त्याच्याही खाली, आणि सगळा गठ्ठा दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.*

*"आता मलाही माहीत नाही कुठलं येणार," ती म्हणाली आणि कागदाचा एक तुकडा आणि पेन्सिल स्वतःकडे ओढून घेतली.*

सकाळी पाचही आठवतात हे काढून टाकते आहे. पण पेपर दाखवावा की नाही ते ठरत नाही. दाखवला तर किती आठवावीत?

कंसबाहेर

दाखवू नका.

घडीघडी

दाखवलात तर चार. डायक्रोमेट जाईल, कारण ते कुठल्याच जोडीच्या नियमात बसत नाही. आणि दुसरी चूक कंसाची असू दे, जी कार्डांवर नव्हतीच.

पाटीपेन्सिल

फॉस्फेट त्या पाचांत कसं आलं ते बघा जरा. पहिल्या फेरीत सोहमने ते सगळ्यात आधी, न अडखळता सांगितलं होतं. तिथे त्याने 4 दिव्यातून उचलला की 3 चा प्रभार? त्यावरून ठरेल की दिवा सरकवल्यावर तो फॉस्फेटला काय चुकीचं म्हणतो. माझा अंदाज, PO₃ म्हणेल, कारण थ्री मायनस मधला तीन त्याच्या डोक्यात असतो.

अर्धविराम

हे मी लिहिलेलंच नव्हतं. बघते.